सर्पमित्र येईपर्यंतची पन्नास मिनिटं

कराडजवळच्या आमच्या गावात घराच्या मागच्या भिंतीपासून चार हातांवर उसाचा फड सुरू होतो. मधल्या पट्टीत तेव्हा जळणाची रास होती, गोवऱ्या होत्या आणि बांधकामातून उरलेल्या विटांचा ढीग होता. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत त्या फडाची तोड झाली. टोळी ऊस तोडून गेली, पाचट पेटवलं गेलं आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी सव्वासातला मी दूध ठेवायला फ्रीज उघडला, तेव्हा फ्रीजच्या मागे एक गव्हाळ शेपटी सरकताना दिसली. त्या संध्याकाळी आणि त्यानंतरच्या तीन पावसाळ्यांत जे उमगलं, ते जसं आठवतंय तसं लिहिते आहे.

१. नाग आमच्या घरी आलाच नव्हता, तो उंदरामागे आला होता. ही गोष्ट कळायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला. त्या रात्री माझ्या डोक्यात एकच विचार होता : इतकं मोठं रान सोडून हा माझ्याच स्वयंपाकघरात का? पण तो रान सोडून आला नव्हता, त्याचं रान आम्हीच तोडलं होतं. उसाचा फड म्हणजे वर्षभराची गार सावली, ओलसर जमीन आणि उंदरांना रोजचं जेवण. फड तुटला की ही सगळी वस्ती एका आठवड्यात उघड्यावर येते. उंदीर आधी हलतात, कारण त्यांना निवारा आणि दाणा दोन्ही लागतं, आणि ती दोन्ही आमच्या मागच्या पट्टीत आयती होती. साप त्यांच्या वासामागे येतो. जीभ बाहेर काढून तो हवेतले आणि जमिनीवरचे वासाचे कण गोळा करतो आणि टाळूतल्या इंद्रियाकडे नेतो. उंदीर भिंतीच्या कडेने ज्या वाटेने गेला, ती वाट त्याला तशी ‘वाचता’ येते. तोडीनंतरच्या दोन-तीन दिवसांत ओट्याखाली खुडबुड ऐकू येत होती. मी पिंजरा लावायचा म्हणत होते आणि लावला नव्हता. उंदरांनी मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

पावसाळ्यात हेच दुसऱ्या कारणाने घडतं. पहिल्या जोरदार पावसात बिळांत पाणी भरतं आणि उंदीर, बेडूक, साप सगळेच उंच, कोरड्या जागेच्या शोधात निघतात. घराचं जोतं ही आसपासची सर्वांत उंच आणि कोरडी जागा असते.

२. नुसतं बघत उभं राहणं हे त्या रात्रीचं सर्वांत अवघड काम होतं. आधी माझ्या तोंडून किंकाळी गेली, मग मी मुलाला उचलून अंगणात आणलं. सासूबाई देवघरात होत्या, त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. यांनी ग्रामपंचायतीतल्या ओळखीच्या माणसाकडून एका सर्पमित्राचा नंबर मिळवला. (वनविभागाचा १९२६ हा नंबर तेव्हा आम्हाला माहीतच नव्हता. आता तो फ्रीजच्याच दारावर चिकटवला आहे.) फोनवरचा आवाज तरुण होता आणि अगदी शांत. “काकू, साप कुठंय ते आत्ता दिसतंय का?” हा त्याचा पहिला प्रश्न. केवढा आहे, कुठला आहे, हे त्याने नंतर विचारलं. दिसत होती फक्त शेपटी, वीतभर, फ्रीज आणि भिंत यांच्या फटीत. “मग एकच काम करा. एका माणसानं दारात उभं राहायचं, दहा-बारा फूट लांब, आणि त्या शेपटीवरची नजर काढायची नाही. मी चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत पोचतो. माझं अर्धं काम तुम्ही नजरेनं करायचं.”

त्याचं कारण नंतर समजलं. साप दिसत असेल तर त्याला पकडायला पाच मिनिटं पुरतात. तो कुठे गेला हे कुणालाच ठाऊक नसेल, तर कपाटं, पोती, गादी, मोरी, सगळं हलवत तास-दोन तास जातात, आणि तेवढं करूनही सापडला नाही तर घरातल्या माणसांना त्या रात्री झोप लागत नाही. म्हणून नजर. अंतराचंही कारण आहे. साप साधारण आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, फार तर निम्म्याएवढा पुढे झेपावू शकतो. आमचा नाग चार फुटांच्या आसपास होता. म्हणजे दहा फुटांवर उभी राहिलेली मी पूर्ण सुरक्षित होते, पण तीन फुटांवर नसते.

मी दारात उभी राहिले. पायात बूट, हातात विजेरी, आतला दिवा चालू. वीस मिनिटं नीट गेली. मग खिशातला फोन वाजला, बहिणीचा मेसेज होता. मी खाली पाहिलं, दोन सेकंद असतील. वर पाहिलं तर शेपटी नव्हती.

ती भीती मी अजून विसरलेले नाही. फ्रीजच्या पलीकडे तांदळाचं पोतं, त्यापलीकडे आतल्या खोलीचं दार, आणि त्या दाराखाली बोटभर फट. ती बुजवायची तेव्हा सुचलंच नव्हतं. यांनी सर्पमित्राला पुन्हा फोन लावला. तो म्हणाला, “आत जाऊ नका. पलीकडून खोलीत जाता येतं का? मग तिकडून, लांबूनच, जाड चादरीचा बोळा करून काठीनं दाराखालची फट बंद करा. आधी खोलीतली जमीन बॅटरीनं बघून घ्या.” यांनी तसं केलं. मी दारातून विजेरी जमिनीलगत आडवी धरली. उभा प्रकाश टाकला की सगळंच सारखं दिसतं, आडव्या प्रकाशात सावल्या पडतात. सात-आठ मिनिटांनी पोत्याच्या कडेला एक वळण दिसलं. तो फूटभरच सरकला होता.

तेव्हापासून आमच्या घरात ठरलेलं आहे : पाहणारा एक आणि फोन करणारा दुसरा. आणि जो पाहतो त्याने फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचा.

३. काहीतरी करावंसं वाटतं, आणि तिथेच धोका असतो. अर्ध्या तासात आमच्या अंगणात वीसेक माणसं जमली होती. प्रत्येकाला मनापासून मदत करायची होती. एकाने घमेलं आणलं, वरून पालथं घालू म्हणाला. दुसरा फिनाईलची बाटली घेऊन आला. कुणी सुचवलं की फ्रीजमागे गरम पाणी ओतलं तर बाहेर येईल. शेजारचे तात्या लांब काठी घेऊन तयारच होते. मीही मनातल्या मनात घमेल्याच्या बाजूने होते, कारण झाकला की विषय संपतो असं वाटत होतं. पण झाकायचं म्हणजे हात सापापासून दोन फुटांवर न्यायचा. आपण त्याच्या टप्प्यात जातो ते नेमकं त्याच क्षणी, तो सर्वांत बिथरलेला असताना. फिनाईल किंवा रॉकेल टाकलं की तो पळतो हे खरं, पण बाहेर पळेल याची काही हमी नाही. आतल्या फटीत, फ्रीजच्या खालच्या पोकळीत घुसला तर काढणं दुप्पट अवघड. सापांना न छेडता सोडलं तर बहुतेक वेळा ते एका आडोशाला निवांत पडून राहतात, तासन्‌तास. ती निश्चलता हीच आपल्याला मिळालेली सवलत असते, आणि आपण गोंगाटाने आणि बाटल्यांनी ती घालवत असतो.

हे दाराबाहेर गेले आणि शांतपणे सगळ्यांना रस्त्यापर्यंत मागे घेतलं. तात्यांना त्यांनी वेगळंच काम दिलं : “तात्या, चौकात उभे राहा, त्या पोराला घर सापडायचं नाही.” काठीसकट तात्या चौकात गेले. आमच्या मोत्याला, म्हणजे कुत्र्याला, गोठ्यात बांधलं. कुत्रा साप बघून गप्प राहत नाही, आणि सर्वांत आधी चावा त्यालाच बसतो. मागचं दार मात्र उघडंच ठेवायचं होतं. त्या बाजूला माणूस नको, दिवा नको. त्याला जायचं असेल तर वाट मोकळी. गेला तर कुठे गेला ते लांबून पाहायचं आणि तसं सांगायचं. मला हे पटत नव्हतं. गेला तर पुन्हा येईल असं वाटत होतं. आज वाटतं, घरातून आपण होऊन बाहेर पडलेला साप हा त्या रात्रीचा सर्वांत चांगला शेवट ठरला असता.

४. साप पकडला गेला आणि मला वाटलं संपलं, पण त्या तरुण सर्पमित्रासाठी तिथून खरं काम सुरू झालं. तो आला तेव्हा सव्वाआठ वाजत आले होते. आधी त्याने मला विचारलं, नजर कुठे आहे. मग फ्रीजचं बटण बंद करायला सांगितलं, वायर काढली, पोतं हुकाने हळूच बाजूला ओढलं. नागाने फणा काढला, फुत्कारला, आणि त्या मुलाने मागे होऊन त्याला शांत व्हायला वेळ दिला. मग कापडी पिशवीला लावलेल्या काळ्या पाईपाचं तोंड त्याच्यासमोर जमिनीवर ठेवलं. सापाला अंधारं बीळ हवं असतं, आणि पाईप म्हणजे बीळच. हुकाने जरासं वळवल्यावर तो आपणच आत गेला. हातात धरून दाखवणं नाही, फोटो नाहीत. मी मनात काहीतरी थरारक कल्पना केली होती. प्रत्यक्षात ते काम एखाद्या रुग्णाला खाटेवरून उचलण्याइतकं हळुवार होतं.

पिशवी बांधून, बरणीत ठेवून तो म्हणाला, “काकू, आता घर दाखवा.” आणि पाऊण तास तो विजेरी घेऊन घरभर फिरला. मी मागे मागे. माझ्याच घरात मला बरंच नवं दिसत होतं. ओट्याखाली भिंतीच्या कडेला काळपट, तेलकट पट्टा होता. मी तो धुराचा समजत होते. तो उंदरांच्या अंगाचा होता : ते रोज त्याच वाटेने भिंतीला घासून जातात. तांदळाचं पोतं जमिनीवर, भिंतीला टेकून, खालच्या कोपऱ्याला कुरतडलेलं. मोत्याचं ताट, त्यात उरलेली भाकरी, रात्रभर मागच्या पायरीवर. मोरीच्या पाईपाचं तोंड बाहेर उघडं, जाळी नाही. मागच्या दाराखाली जेवढी फट होती त्यात माझं बोट गेलं. तो म्हणाला, बोट जातं तिथून उंदीर जातो आणि उंदीर जातो तिथून नाग जातो.

बाहेर जळणाची रास भिंतीला लावलेली, जमिनीवर टेकलेली. विटांचा ढीग तीन वर्षं न हललेला. त्याने विटा दाखवून विचारलं, “ह्या कशाला लागणार आहेत?” कशालाच लागणार नव्हत्या. भविष्यात कधीतरी कुंपणाची भिंत बांधू म्हणून ठेवल्या होत्या. त्या मधल्या पोकळ्या म्हणजे गार, कोरडी, कुणी न छेडणारी घरं. त्याने मला त्या रात्री समजावलं की साप स्वतः बीळ खणत नाही. नाग असो की धामण, तो उंदराच्या बिळात, वारुळात, दगडांच्या पोकळीत राहतो. म्हणजे उंदीर त्याला अन्न देतो आणि घरही देतो. उंदीर नसता तर आमच्या परसात नागाला थांबायला फारसं कारण नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही जे केलं ते एवढंच : धान्य पत्र्याच्या डब्यांत आणि लाकडी फळीवर, जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून तेवढंच लांब. मोत्याचं ताट रात्री धुऊन आत. मोरीच्या पाईपाला पाव इंच छिद्रांची तारेची जाळी, कारण त्याहून मोठ्या छिद्रातून लहान उंदीर आत येतो. मागच्या दाराला खालून रबरी पट्टी. जळण भिंतीपासून पाच-सहा फूट दूर, लोखंडी स्टँडवर, खालून झाडू फिरवता येईल इतकं उंच. आणि विटा तात्यांना देऊन टाकल्या. जिथे सगळ्यांत कमी खर्च आला तिथेच सगळ्यांत जास्त फरक पडला, आणि ते म्हणजे मोत्याचं ताट.

मी विष घालायचं म्हणत होते. त्याने मला थांबवलं नाही, पण क्रम बदलायला लावला. आधी दाणा बंद, मग फटी बंद, मग उरलेल्यांसाठी पिंजरा. दाणा तसाच ठेवून विष घातलं तर मेलेल्यांच्या जागी शेजारचे येतात. उंदराची मादी तीन आठवड्यांत वितेच. शिवाय विष खाऊन सुस्तावलेला उंदीर मांजर खातं, घुबड खातं, आणि आपल्या बाजूने उंदीर मारणारेच मरतात.

५. बीळ चालू आहे की सोडलेलं, हे बीळच सांगतं. ही सर्पमित्राने शिकवलेली सर्वांत साधी गोष्ट, आणि मी सर्वांत जास्त वापरलेली. संध्याकाळी बिळाच्या तोंडात वर्तमानपत्राचा चुरगळलेला कागद हलकेच खुपसायचा किंवा ओल्या मातीने तोंड लिंपायचं. सकाळी पाहायचं. कागद बाहेर पडलेला असेल किंवा माती उकरलेली असेल तर आत कुणीतरी आहे. दोन रात्री तसाच राहिला तर बीळ रिकामं, मग ते दगडमातीने ठोकून बुजवायचं. हाताने मात्र नाही. बीळ चालू असताना बुजवण्यात अर्थ नसतो, उंदीर वीतभर बाजूला दुसरं तोंड काढतो. आणि बिळात हात घालून पाहायचं तर कधीच नाही, हे सांगायची खरं तर गरज नाही, पण आमच्या गावात दरवर्षी कुणीतरी घालतंच. पहिल्या महिन्यात आमच्या परसात मला सात चालू बिळं सापडली. मी त्या बिळांच्या शेजारी रोज कपडे वाळत घालत होते.

६. घरातला दिवादेखील सापाला वाट दाखवतो, हे मला पुढच्या पावसाळ्यात कळलं. नागानंतर मी उंदरांच्या मागे लागले होते आणि निश्चिंत होते. मग जुलैत, रात्री दहाला, न्हाणीच्या भिंतीवर, छताजवळ, एक तपकिरी साप दिसला. अंगावर पिवळट पांढरे पट्टे. घरात सगळ्यांचं एकमत झालं : मण्यार. न्हाणीबाहेरच्या भिंतीवर पांढरा झगझगीत दिवा रात्रभर चालू असायचा. दिव्यावर किडे, किड्यांमागे पाली, आणि पालींमागे तो. जमिनीवर त्याच उजेडात भेकही जमायचे. पावसाळ्यात मोरीच्या ओलीपाशी दहा-बारा तरी असत. भेक नागही खातो. म्हणजे मी मोत्याचं ताट उचललं होतं, पण भिंतीवर दुसरं ताट मांडून ठेवलं होतं.

त्या वेळी एक चूक झाली. न्हाणीचं दार लावून आम्ही बाहेर थांबलो, दाराखालची फट ओल्या टॉवेलने बंद केली, पण न्हाणीची खिडकी उघडी होती आणि पाहायला कुणीच नव्हतं. सर्पमित्राचा फोन लागला तेव्हा त्याने विचारलं, “घरात रांगोळी आहे?” मला ऐकू नीट आलं नाही असं वाटलं. खिडकीच्या बाहेर, भिंतीच्या कडेला जमिनीवर, आणि दाराच्या उंबऱ्यापाशी रांगोळी पातळ भुरभुरायला त्याने सांगितली. पीठही चालतं. साप गेला तर त्यात नागमोडी रेघ उमटते आणि कुठल्या दिशेला गेला तेही कळतं. रेघ नसेल तर तो आतच आहे. तो आला तेव्हा रांगोळी कोरी होती आणि साप गिझरच्या मागे होता.

तो कवड्या निघाला, बिनविषारी. मण्यारीचे पट्टे सहसा मानेपासून थोडं मागे सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक असतात. कवड्याचे मानेपाशीच ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. खडबडीत भिंतीवर सरसर चढतो तोही बहुधा कवड्याच. हे सगळं त्याने साप पकडून झाल्यावर सांगितलं. आधी मी फोटो पाठवला होता तेव्हा त्याचं उत्तर एवढंच होतं, “काहीही असू दे, तेवढंच अंतर ठेवा.” त्या वेळी मला राग आला. बिनविषारी म्हणाला असता तर आम्ही निवांत झालो असतो. पण लहान मण्यार किंवा फिकट मण्यार अशा अर्धवट उजेडातल्या फोटोत कवड्यासारखीच दिसू शकते, आणि मी चुकले असते तर ती चूक सुधारायला दुसरी संधी नव्हती. ओळखायचं काम माझं नाही, हे स्वीकारल्यापासून मी कितीतरी शांत असते.

दिवा आम्ही बदलला. पिवळसर, कमी उजेडाचा, दारापासून लांब खांबावर. पांढऱ्या दिव्यापेक्षा त्याच्यावर किडे फार कमी येतात. भेक त्या खांबापाशी गेले. पालीही.

७. मी एक धामण मारू दिली होती, ते लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. नाग यायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. जळणाच्या राशीत सहा फुटी धामण होती. मी घाबरून ओरडले आणि तात्यांनी काठीने मारली. मी त्यांना थांबवलं नाही, उलट चहा दिला. महिन्याभरात त्याच राशीत आणखी एक साप दिसला आणि सासूबाई म्हणाल्या, जोडीदार आलाय, डूख धरलाय. मीही घाबरले. आता कळतं की दुसरा साप त्याच कारणाने आला होता ज्या कारणाने पहिला आला : रास तीच, बिळं तीच, उंदीर तेच. विणीच्या दिवसांत नर मादीच्या वासाच्या मागावर येतात तेही खरं, पण सूड वगैरे सापाच्या मेंदूत बसत नाही. मेलेली धामण आमचे उंदीर फुकट मारत होती. तिला मारून आम्ही जागा मोकळी केली. शिवाय साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, आणि मारणं हा गुन्हा आहे, हे मला त्या सर्पमित्राकडून कळलं. सासूबाईंशी या विषयावर मी वाद घातला नाही. नागपंचमीला त्या अजून वारुळाला दूध वाहतात. साप दूध पीत नाही हे त्यांना सांगून झालं आहे. त्या म्हणाल्या, “पित नसंल, पण मी देते.” त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

८. चावा बसल्याचं कळतच नाही असंही असतं, म्हणून आम्ही आता खाली झोपत नाही. माझ्या माहेरी एक गडी ओसरीवर चटईवर झोपला होता. पहाटे पोटात दुखायला लागलं, मग पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळू लागलं. चावल्याची खूण शोधूनही सापडेना. मण्यार रात्री फिरते आणि तिच्या चाव्याला ना सूज असते, ना फारशी कळ. घरच्यांनी मांत्रिक न पाहता तालुक्याला नेलं म्हणून तो वाचला. त्याला श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागलं होतं. आमच्या घरी त्यानंतर पलंग, आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली. मच्छरदाणी जमिनीपर्यंत लोंबत ठेवली तर तिचा उपयोग डासांपुरताच.

सर्पमित्राची वाट पाहताना कुणाला चावा बसलाच, तर मग सापाचं काम संपलं, माणसाचं सुरू. १०८ला फोन, चावलेला हात किंवा पाय मोडल्यासारखा काठी-कापडाने आधार देऊन स्थिर, बांगड्या-अंगठ्या काढायच्या, कारण सूज आली की त्या रुततात. माणसाला चालवायचं नाही. घट्ट आवळून बांधणं, ब्लेडने कापणं, तोंडाने ओढणं, यातलं काहीही नाही. साप पकडून दवाखान्यात न्यायचीही गरज नाही : आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच चालते. आणि ती सरकारी दवाखान्यात मिळते. आमच्या सर्वांत जवळच्या दवाखान्यात ती आहे का, हे मी घाई नसताना एका दुपारी जाऊन विचारून आले.

९. नाग आमच्याच शिवारात सोडला, हे मला खूप दिवस खटकत होतं. सर्पमित्राने वनविभागाला कळवलं, नोंद केली, आणि ओढ्याच्या पलीकडे, गावापासून थोड्या अंतरावरच्या झाडीत सोडला. मला वाटलं होतं कोयनेच्या जंगलात नेईल. तो म्हणाला, “काकू, तिथं त्याला ना बीळ माहीत, ना पाणी. नवख्या जागी सोडलेला साप नुसता भटकतो आणि मरतो, नाहीतर दुसऱ्याच्या घरात शिरतो.” मी ते ऐकून घेतलं, पण पटायला दिवस गेले.

गेल्या महिन्यात कुंपणाच्या मेंदीखाली मला कात सापडली, पाच फूट, डोळ्यांवरच्या पातळ चकत्यांसकट अखंड. पूर्वी मी ती काठीनेही उचलली नसती. मी ती वर्तमानपत्रावर ठेवून मुलाला दाखवली, मग सासूबाईंना. त्यांनी हात जोडले. संध्याकाळी कुंपणालगतच्या बिळात कागदाचा बोळा खुपसला. सकाळी तो आहे तिथेच होता, दवाने थोडा ओला झालेला.